फोटो पाहून झाडाचे दुखणे ओळखताना

गेली काही वर्षे हिवाळा सुरू झाला, की माझ्या फोनवर मंडळातल्या घराघरांतून पानांचे फोटो येऊ लागतात. कुणाच्या मनी प्लँटची टोके करपलेली असतात, तर कुणाचा स्नेक प्लँट वाकलेला असतो. कुणी मुलाच्या खोलीतल्या मॉन्स्टेराचा फोटो पाठवून फक्त प्रश्नचिन्ह टाकतात. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर. १९८६ साली मिशिगनला आलो आणि पोटासाठी वेगळेच काम केले, पण शेतीची पदवी लोक विसरू देत नाहीत. फोटोवरून काय कळते, काय कळत नाही आणि कुठे फसगत होते, ते या लेखात सांगतो. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आमच्या परिचयाच्या एका वहिनींकडे स्वयंपाकघरात मनी प्लँटचा वेल होता. १९९७ साली त्यांनी पहिले घर घेतले, तेव्हा त्यांच्या मैत्रिणीने वास्तुशांतीला त्याची फांदी आणून दिली होती. ती मैत्रीण आता नाही. त्यामुळे तो वेल त्यांच्या घरात निव्वळ शोभेचा नव्हता. एका जानेवारीत त्यांनी फोटो पाठवला आणि लिहिले, ‘‘भाऊजी, टोके तपकिरी होताहेत. पाणी कमी पडते का?’’ बाहेर बर्फ, घरात चोवीस तास हीटिंग. मी फोटो जेमतेम दहा सेकंद पाहिला आणि कळवले, ‘‘हवा कोरडी आहे. पाणी थोडे वाढवा, पानांवर फवारा मारा.’’

तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. वेल मातीपाशी काळा पडला होता आणि हात लावताच देठासकट पाने निखळत होती. मी पहिला फोटो पुन्हा उघडला आणि या वेळी नीट पाहिला. सगळे त्यात होते, मीच पाहिले नव्हते. टोकांचा तपकिरी भाग कोरडा नव्हता, ओलसर आणि गडद होता, आणि त्याच्याभोवती पिवळी कड होती. खालची तीन-चार पाने पूर्ण पिवळी होती. मातीवर हिरवट शेवाळ होते. शिवाय कुंडी होती चिनी मातीची सुंदर शोभेची, तिला खाली भोक असल्याची एकही खूण नव्हती. झाड पाण्यात बुडत होते आणि मी त्याला आणखी पाणी पाजायला सांगितले.

तपकिरी टोक : कोरडे की ओले?

टोक तपकिरी होणे हे तापासारखे लक्षण आहे. तो रोग नव्हे. पानाचे टोक मुळांपासून सर्वांत दूर असते. पाणी वर चढण्यात कुठेही अडथळा आला, की पहिली झळ तिथेच लागते. माती कोरडी पडली तरी मुळे पाणी देऊ शकत नाहीत आणि मुळे कुजली तरी देऊ शकत नाहीत. म्हणूनच तहानलेले आणि बुडालेले झाड लांबून सारखेच दिसते.

फरक जवळून कळतो. कोरडेपणाचे टोक फिकट तपकिरी, कागदासारखे कुरकुरीत असते आणि हिरव्या भागाशी त्याची सीमा बऱ्यापैकी स्पष्ट असते. मुळांच्या कुजण्याने आलेला डाग गडद, कधी काळपट, मऊ असतो आणि त्याभोवती बहुधा पिवळी कड असते. त्याच सुमारास खालची जुनी पाने एकामागून एक पिवळी होतात. एखादेच सर्वांत जुने पान पिवळे झाले असेल तर काळजी नको, ते वयाने गेले. तीन-चार एकदम गेली, तर मुळांकडे पाहायचे.

तिसरे कारण इथल्या घरांत बरेच आढळते, ते म्हणजे क्षार. आपल्याकडे अनेक घरांना पाणी मऊ करणारे यंत्र असते. त्यात मीठ टाकतात आणि त्यातला सोडियम पाण्यात उतरतो. ते पाणी वर्षानुवर्षे कुंडीत घातले, किंवा खत जास्त झाले, की मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते आणि सगळ्या पानांची टोके थोडी थोडी जळतात. फोटोत ही खपली स्पष्ट दिसते. अशा वेळी यंत्रातून न गेलेले पाणी वापरावे. बऱ्याच घरांत बाहेरच्या नळाला ते असते. कुंडी सिंकमध्ये ठेवून तिच्या आकाराच्या तीन-चार पट पाणी सावकाश ओतावे आणि पूर्ण निथळू द्यावे. म्हणजे साचलेले क्षार वाहून जातात. अर्थात हे भोक असलेल्या कुंडीलाच.

स्नेक प्लँटच्या बाबतीत टोकाकडे कमी आणि बुडाकडे जास्त पाहावे. त्याचे एखादे टोक भिंतीला किंवा पडद्याला घासून मोडलेले असते आणि तिथे कोरडे तपकिरी बोंड धरते, त्यात चिंतेचे काही नाही. पण पान मातीपाशी पिवळे, पाणचट दिसत असेल आणि तिथूनच कलंडत असेल, तर कूज लागली आहे. हे झाड आपल्या जाड पानांतच पाणी साठवते. आमच्या घरात हिवाळ्यात मी त्याला महिन्यातून एकदा पाणी देतो, कधी त्याहूनही उशिरा. पानांवर उभ्या सुरकुत्या पडून ती आत वळू लागली आणि माती खडखडीत असेल, तर ते तहानलेले समजावे.

आणि पानांवरचा फवारा? त्याने हवेतला ओलावा काही मिनिटेच वाढतो. वहिनींना मी सांगितलेला तो उपाय निरुपयोगीच होता.

फोटो कसा काढावा

त्या प्रसंगानंतर मी नियम केला, की एका फोटोवर सल्ला द्यायचा नाही. पाच फोटो मागायचे. पहिला पूर्ण झाडाचा, पण खिडकी त्यात दिसेल असा. दुसरा बिघडलेल्या पानाचा वरून, तिसरा त्याच पानाचा खालून. चौथा खोड मातीत शिरते त्या जागेचा आणि पाचवा कुंडीच्या तळाचा. लोक दुसराच तेवढा पाठवतात. खरे उत्तर बहुतेक वेळा तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्यात असते.

फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ आणि फ्लॅश बंद करून काढावा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात निरोगी पानही कावीळ झाल्यासारखे दिसते आणि फ्लॅशने पानावर जी चकाकी येते ती किडीच्या चंदेरी डागासारखी भासते. पानामागे पांढरा कागद धरावा, म्हणजे कॅमेऱ्याला खरा रंग सापडतो. शेजारी क्वार्टरचे नाणे ठेवावे. त्याचा व्यास इंचाला जरासा कमी असतो, त्यामुळे डाग आणि पेरांमधले अंतर मोजता येते. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला, की तो लहान करून जातो आणि नेमके बारीक किडे पुसले जातात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे जसाच्या तसा पोहोचतो.

आणखी एक युक्ती. तपकिरी भाग जिथे संपतो तिथे पानावर मार्करने बारीक ठिपका द्यावा आणि दहा दिवसांनी त्याच जागी उभे राहून पुन्हा फोटो काढावा. तपकिरी झालेले टोक कधीच पुन्हा हिरवे होत नाही, म्हणून ‘‘अजून तसेच आहे’’ ही तक्रार नव्हे. डाग ठिपक्याच्या अलीकडेच थांबला असेल आणि नवे पान स्वच्छ येत असेल, तर इलाज लागू पडला.

लांबलेली पेरे

आता दुसरी तक्रार, ‘‘झाड वाढते आहे, पण भरत नाही.’’ उसाचे पेर आणि डोळा आपल्याला ठाऊक आहेत. मनी प्लँटचेही तसेच. जिथून पान निघते तो डोळा आणि दोन डोळ्यांमधले अंतर म्हणजे पेर. उजेड पुरेसा असला की पेरे आखूड राहतात आणि वेल भरगच्च दिसतो. उजेड कमी पडला, की झाड तो शोधत लांब पेरे टाकत पळते. जुन्या भागात पेर दोन इंचांचे आणि नव्या भागात पाच इंचांचे असेल, तर त्या वेलीवर तिचा वर्षाचा इतिहासच लिहिलेला असतो. कोणत्या पेरापासून अंतर वाढले ते पाहावे आणि तेव्हा काय बदलले ते आठवावे. कुंडी हलवली? पडदे लावले? की फक्त ऑक्टोबर उजाडला?

इथे एक सावधगिरी. खाली लोंबणाऱ्या मनी प्लँटची पाने उजेड असूनही लहान होत जातात. तोच वेल काठीवर वर चढवला की पाने मोठी होतात. हा त्याचा स्वभाव आहे. तेव्हा पाने लहान म्हणून लगेच उजेडाला दोष देऊ नये. पेरे लांब, पाने लहान आणि पानांवरचे पांढरे-पिवळे पट्टे फिके होऊन सगळे हिरवेगार, अशा तिन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर निदान पक्के.

स्नेक प्लँटला पेरे नसतात. तिथे नवे पान जुन्यापेक्षा अरुंद, पातळ आणि लुळे येते. मॉन्स्टेराचे देठ लांबतात, सगळे झाड खिडकीकडे झुकते आणि नव्या पानांना भोके पडत नाहीत. पण झाड लहान असेल, तर भोके नसणे वयाचे लक्षण आहे, आजाराचे नाही. म्हणून आधी जुन्या पानांना भोके होती का, हे विचारावे लागते.

पुण्यात डिसेंबरातला सर्वांत छोटा दिवसही अकरा तासांचा असतो. इथे डेट्रॉईटच्या आसपास तो जेमतेम नऊ तासांचा, आणि तोही ढगांत. पुण्याच्या दिवाणखान्यात कोपऱ्यात चालणारे झाड इथे त्याच कोपऱ्यात चालणार नाही. पारख सोपी आहे. दुपारी बाराला कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. सावलीची कड स्पष्ट असेल तर उजेड भरपूर, पुसट पण हाताचा आकार कळत असेल तर मध्यम आणि सावली दिसतच नसेल तर झाड तिथे फक्त तग धरून आहे. कुंडी खिडकीच्या दोन-तीन फुटांत आणावी, किंवा झाडांसाठीचा एलईडी दिवा फूटभर वर बारा तास लावावा.

लांबलेली पेरे नंतर आखूड होत नाहीत. उजेड सुधारल्यावर वसंतात डोळ्याच्या जरासे वर कापावे, म्हणजे त्या डोळ्यातून नवा फुटवा निघतो. कापलेली फांदी पाण्यात लावता येते. फक्त तिच्यावर निदान एक डोळा हवा. नुसत्या देठावरच्या पानाला मुळे फुटली तरी वेल होत नाही.

किडीच्या खुणा

कीड स्वतः फोटोत क्वचितच दिसते. दिसतात त्या तिच्या खुणा. मला चार पुरेशा वाटतात.

हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत कोळी फार वाढतो. हा आपला घरातला कोळी नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड. पानावर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिके ठिपके पडतात, मधल्या शिरेजवळ जास्त, आणि प्रकरण वाढले की देठाच्या बेचक्यात बारीक जाळे दिसते. ठिपके म्हणजे धूळ की कोळी, हे ओल्या कापडाने कळते. धूळ पुसली जाते, ठिपके जात नाहीत. मग पान पांढऱ्या कागदावर झटकावे. पडलेले कण चालू लागले तर शंका उरत नाही.

पिठ्या ढेकूण म्हणजे देठाच्या बेचक्यात कापसाचा बारीक बोळा अडकल्यासारखे दिसते. खवले कीड म्हणजे खोडावर चिकटलेली तपकिरी टिकली, जी नखाने उचलली जाते. दोन्हींमुळे पान चिकट होते आणि फोटोत ते ओले नसतानाही चमकते.

चौथी फुलकिडे, आणि मॉन्स्टेराचे हे खरे वैरी. माझ्या भाच्याने फोटो पाठवला होता. ‘‘मामा, नवीन पानाला छान शाईन आली आहे बघ,’’ असे त्याने कौतुकाने लिहिले होते. मी त्याला पान तिरपे करून, फ्लॅशशिवाय दुसरा फोटो काढायला सांगितले. चकाकी कोन बदलला की सरकते, पण त्याचे चंदेरी चट्टे जागच्या जागी होते. मग पानाची खालची बाजू मागितली. तिथे शिरांलगत मिरीची पूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके होते, ती त्या किड्यांची विष्ठा. फुलकिडे पानाचा रस शोषतात, रिकाम्या पेशींत हवा भरते आणि म्हणून डाग चांदीसारखा दिसतो.

इलाज चौघांनाही जवळपास सारखाच. झाड आधी इतरांपासून वेगळे करावे. शॉवरखाली पानांच्या खालच्या बाजू धुवाव्यात. मग बागेच्या दुकानात मिळणारा कीटकनाशक साबण बाटलीवर लिहिल्याप्रमाणे, खालून आणि बेचक्यांत फवारावा. भांडी घासायचा साबण वापरू नये, त्याने पाने करपतात. पिठ्या ढेकूण आणि खवले ७० टक्के रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढावेत. लोक चुकतात ते इथे. एकदा फवारले, किडे गेले, की थांबतात. अंडी साबणाने मरत नाहीत, आणि फुलकिडे तर आयुष्याचा काही काळ मातीत काढतात. म्हणून दर पाच ते सात दिवसांनी फवारणी करत महिना-दीड महिना चिकाटी धरावी. भाच्याने सहा आठवडे केली. तीन पाने कापावी लागली, झाड वाचले.

कुंडीभोवती उडणारी काळी चिलटे पानाचे नुकसान सहसा करत नाहीत. ती एवढेच सांगतात, की माती सतत ओली आहे.

फोटो काय सांगत नाही

ओलावा, वजन आणि वास फोटोत येत नाहीत. म्हणून पाच फोटोंबरोबर मी तीन प्रश्न विचारतो. बोट दोन इंच मातीत घातले तर ओले लागते का? कुंडी उचलली तर जड आहे की हलकी? आणि तळाशी नाक नेले तर कुबट वास येतो का? टोके तपकिरी आणि माती कोरडी, कुंडी हलकी, तर भरपूर पाणी द्या. टोके तपकिरी आणि माती ओली, कुंडी जड, वास कुबट, तर एक थेंबही नको. झाड बाहेर काढून मुळे पाहा. निरोगी मुळे पांढरट आणि टणक असतात, कुजलेली तपकिरी असतात आणि ओढली की साल हातात येते.

घरात नातवंडे असतील त्यांच्यासाठी एक सूचना. मनी प्लँट आणि मॉन्स्टेरा यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते. कच्च्या अळूने घशाला खाज येते, ती याच स्फटिकांमुळे. अळू आणि ही दोन्ही झाडे एकाच कुळातली. स्नेक प्लँटने उलट्या होऊ शकतात. मुलाने चावले तर तोंड पुसून, धुऊन अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राला 1-800-222-1222 वर फोन करावा. श्वासाला त्रास होत असेल तर थेट 911.

आता वहिनींच्या वेलाचे काय झाले ते सांगायचे राहिले. आम्ही तो कुंडीतून काढला. मुळे बहुतेक गेली होती, पण खिडकीवर चढलेला वरचा भाग अजून टणक आणि हिरवा होता. काळ्या भागाच्या बरेच वर, स्वच्छ कात्रीने, दोन-दोन डोळ्यांचे सात तुकडे कापले. पाण्यात बुडणारी पाने काढून ते लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत ठेवले आणि दर चार-पाच दिवसांनी पाणी बदलले. दोन तुकडे कुजले. पाचांना महिन्याभरात बोटभर मुळे आली. ते आम्ही भोक असलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लावले आणि ती कुंडी शोभेच्या कुंडीत नुसती ठेवली, पाणी घालताना बाहेर काढता येईल अशी.

पाचातला एक तुकडा वहिनींनी मला दिला. म्हणाल्या, ‘‘एकाच घरात ठेवला की काय होते ते पाहिले ना, भाऊजी.’’ तो आमच्या पूर्वेच्या खिडकीत आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्याचे पाच फोटो काढतो.